नोटरीच्या दोन पानी मसुद्यावर सही करण्याआधी

प्रश्न: आम्ही पाच महिन्यांपासून वेगळे राहतो. मी आणि सात वर्षांची मुलगी वारज्याच्या फ्लॅटमध्ये, नवरा वाकडला भाड्याने (१८,०००). त्याच्या हातात महिना १,१५,००० येतात, माझ्या ६२,०००. फ्लॅट दोघांच्या नावे, हप्ता ४१,०००, कर्ज साधारण ३० लाख बाकी. घटस्फोटाचं अजून काहीच ठरलेलं नाही, भांडणही फार नाही. ओळखीच्या नोटरीने तयार मसुदा दिला आहे: "आम्ही परस्पर संमतीने विभक्त राहत आहोत. पत्नी पोटगी मागणार नाही. मुलगी आईकडे राहील, वडील सोयीनुसार भेटतील. फ्लॅट पत्नीचा राहील." सही करू का?

उत्तर: या मसुद्यावर करू नका. करार मात्र जरूर करा. आज तुमच्यात बोलणं चालू आहे, तेव्हा करायचा तो आत्ताच. पण तुमच्या मसुद्यातल्या चार वाक्यांपैकी एक तुमच्याच अंगावर येऊ शकतं, एक कायद्यापुढे टिकत नाही, एक पहिल्याच दिवाळीला मोडेल आणि शेवटच्या वाक्याने फ्लॅट तुमचा होत नाही. मी पुण्यात कौटुंबिक न्यायालयात बावीस वर्षं वकिली करते. असे मसुदे आमच्याकडे येतात ते बहुतेक वेळा सही होऊन दोन-तीन वर्षांनी, दोघं समोरासमोर उभे राहिल्यावर. तुम्ही आधी विचारलंत, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी "परस्पर संमतीने विभक्त" हे वाक्य. ऐकायला सभ्य आहे आणि त्याचा एक खरा उपयोगही आहे. उद्या कोणी "ही घर सोडून गेली" किंवा "हा टाकून गेला" असं म्हणायला लागलं, तर या वाक्याने तो आरोप लंगडा पडतो. पण पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये पत्नीच्या पोटगीची जी तरतूद होती, ती १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. त्याच्या चौथ्या पोटकलमात लिहिलं आहे की नवरा-बायको परस्पर संमतीने वेगळे राहत असतील, तर पत्नीला या कलमाखाली पोटगी मिळणार नाही. म्हणजे उद्या तुमची नोकरी गेली आणि तुम्ही त्या कलमाखाली अर्ज केलात, तर समोरचा वकील पहिल्या तारखेला हाच कागद पुढे करेल. हिंदू विवाह कायदा, दत्तक व निर्वाह कायदा हे दुसरे रस्ते उरतात आणि मुलीच्या पोटगीला या वाक्याचा धक्का लागत नाही. तरी सर्वांत जवळचा रस्ता आपल्याच सहीने का अडवून घ्यायचा?

त्याऐवजी घडलं ते लिहा. कोणत्या तारखेपासून, कोणत्या पत्त्यांवर, कोणत्या कारणाने वेगळे राहता, ते दोन-तीन ओळींत, एकमेकांवर चिखलफेक न करता. त्याखाली स्वतंत्र ओळ: "या वेगळ्या राहण्यामुळे कोणीही कोणाचा त्याग केलेला नाही आणि कोणाचाही निर्वाहाचा हक्क संपत नाही." ही ओळ म्हणजे अभेद्य भिंत नाही, न्यायालय शेवटी सगळी परिस्थिती बघतं. पण सही करताना दोघांच्या मनात काय होतं, ते तिच्यातून दिसतं. तारखेचा आणखी एक उपयोग आहे. पुढे संमतीने घटस्फोट घ्यायचा ठरला, तर किमान एक वर्ष वेगळं राहिल्याचं दाखवावं लागतं, तिथे ही तारीख कामी येते. एवढं मात्र ध्यानात ठेवा की हा कागद म्हणजे घटस्फोट नाही. नोटरीच्या शिक्क्याने लग्न संपत नाही.

"पत्नी पोटगी मागणार नाही" या वाक्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली नागेंद्रप्पा नाटिकर विरुद्ध नीलम्मा या प्रकरणात स्पष्ट सांगितलं आहे की भविष्यातली पोटगी सोडून देण्याचा करार सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे, तो पत्नीला बांधत नाही. तिथे तर तडजोड न्यायालयात नोंदवली गेली होती, तरी टिकली नाही. मग नोटरीपुढच्या कागदाची काय कथा! तुमच्या नवऱ्यानेही हे समजून घ्यावं, कारण या वाक्याच्या भरवशावर तो निर्धास्त राहील आणि पुढे त्याला फसवल्यासारखं वाटेल. प्रामाणिक वाक्य असं होईल: "सध्या दोघंही कमावते असल्याने पत्नीची स्वतःसाठी मागणी नाही. नोकरी, आजारपण किंवा उत्पन्नात मोठा बदल झाल्यास दोघं हे कलम पुन्हा बघतील."

आता खर्चाचं. इथे बहुतेक जोडपी एकच आकडा ठरवतात, "महिना वीस हजार देईन", आणि त्यात कशाकशाचे पैसे आले यावर वर्षभर भांडतात. मुलीचा खर्च आधी सुटा करून लिहा. तुमच्यासाठी मी अंदाजाने मांडते, आकडे तुमचे घाला. शाळेची फी वर्षाला १,३२,००० म्हणजे महिन्याला ११,०००. स्कूलबस २,६००. क्लास आणि पोहणं ३,०००. खाणं, कपडे, औषधपाणी ८,०००. संध्याकाळी सांभाळणाऱ्या मावशी ६,०००. एकूण ३०,६००. तुमच्या दोघांच्या उत्पन्नाचं प्रमाण साधारण ६५ ला ३५ पडतं. त्या हिशेबाने त्याचा वाटा १९,८९० आणि तुमचा १०,७१०.

पण हा १९,८९० चा आकडा तसाच करारात घालू नका. फी आणि बस त्याने थेट शाळेला भरावी, ते झाले १३,६००. उरलेले ६,२९० तुमच्या खात्यात, दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत, बँकेच्या स्थायी सूचनेने. फी सहामाही असते, म्हणून तिच्या तारखा वेगळ्या लिहा. थेट भरण्यात त्याला समाधान असतं की पैसा मुलीसाठीच गेला, आणि तुम्हाला दर वेळी पावती दाखवावी लागत नाही. दर जूनमध्ये किती टक्के वाढ, तेही आत्ताच लिहा. दवाखान्यात भरती, दातांच्या तारा, शाळेची सहल असे अवचित खर्च याच ६५-३५ प्रमाणात, आणि पाच हजारांवरचा खर्च असेल तर आधी मेसेज करून. तातडीचं आजारपण मात्र या अटीतून वगळा. ताप चढलेला असताना परवानगीची वाट बघत कोणी बसू नये.

आणि घराचा हप्ता खर्चात धरू नका. हे मला ठासून सांगायचं आहे, कारण सर्वांत जास्त गैरसमज इथे होतो. एका प्रकरणात नवरा चार वर्षं इमानाने हप्ता भरत होता. तो म्हणत होता, "मी पोटगीच देत होतो." बायको म्हणत होती, "तू तुझी मालमत्ता वाढवत होतास." दोघंही मनापासून बोलत होते आणि करारात फक्त "गृहकर्जाचा हप्ता पती भरेल" एवढंच होतं. हप्ता म्हणजे मालकीतली गुंतवणूक की मुलीच्या छपराचा खर्च, हे एका वाक्यात लिहिलं असतं तर दीड वर्षाच्या तारखा वाचल्या असत्या.

म्हणून फ्लॅटचा स्वतंत्र हिशेब ठेवा. समजा ठरलं की त्याने २४,००० आणि तुम्ही १७,००० भरायचे. एक बचत खातं फक्त हप्त्यासाठी ठेवा, दोघांनी ३ तारखेपर्यंत आपापली रक्कम त्यात टाकायची. सोसायटीचा मेंटेनन्स राहणाऱ्याने भरावा, समजा ४,२००. आता पडताळा घ्या. त्याच्याकडून भाडं, हप्ता, मुलगी मिळून ६१,८९० जातात आणि ५३,११० उरतात. तुमच्याकडून ३१,९१० जातात आणि ३०,०९० उरतात. दोघांच्याही हातात निम्म्याच्या आसपास राहतं. असा पडताळा करारासोबत जोडावा. कोणाच्या हातात खायलाही पुरेसं उरत नसेल, तर तो करार चौथ्या महिन्यात थकतो, मग भाषा कितीही सुंदर असो. आकडे खरे आहेत का, यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा प्रकरणात उत्पन्न आणि मालमत्तेच्या प्रतिज्ञापत्राचा जो नमुना दिला, तोच दोघांनी भरून एकमेकांना द्या. न्यायालयात गेलात तर तो भरावाच लागतो.

आता "फ्लॅट पत्नीचा राहील." या ओळीने मालकी हलत नाही. स्थावर मिळकतीतला हक्क द्यायचा तर नोंदणीकृत दस्त हवा, नाहीतर इंडेक्स टू वर दोघांची नावं तशीच राहतात. शिवाय बँक या कराराची पक्षकार नाही. तुम्ही दोघंही सहकर्जदार आहात, हप्ता चुकला तर सिबिल दोघांचं खराब होतं आणि बँक कोणाकडूनही पूर्ण रक्कम मागू शकते.

मग आत्ताच त्याने त्याचा अर्धा हिस्सा बक्षीसपत्राने तुम्हाला द्यावा का? महाराष्ट्रात राहतं घर पती-पत्नीने एकमेकांना बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क अगदी नाममात्र आहे, वर स्थानिक अधिभार आणि नोंदणी फी. ही सवलत लग्न टिकून आहे तोवरच, घटस्फोटानंतर तुम्ही एकमेकांचे कोणी लागत नाही. समजा त्याच्या अर्ध्या हिश्श्याचं बाजारमूल्य ४५ लाख आहे, तर नंतर सहा टक्क्यांनी २,७०,००० मुद्रांकालाच जातील. आणखी एक गोष्ट बऱ्याच सीएंच्याही नजरेतून सुटते. नवऱ्याने बायकोला मोबदल्याशिवाय मालमत्ता दिली तर तिचं उत्पन्न आयकरात त्याच्याच नावे धरलं जातं, पण वेगळं राहण्याच्या कराराच्या संदर्भात दिलेली मालमत्ता यातून वगळली आहे. म्हणून बक्षीसपत्रात या कराराचा तारखेसह उल्लेख हवा. मात्र "पोटगी सोडल्याबद्दल" असे शब्द चुकूनही नकोत, कारण मोबदला आला की ते बक्षीस उरत नाही.

एवढं असूनही तुमच्या बाबतीत मी आज बक्षीसपत्राची घाई करणार नाही. कर्ज असताना बँकेची ना हरकत लागते. आणि ६२,००० पगारावर ४१,००० चा हप्ता एकटीच्या नावे करायला बँक तयार होणार नाही. म्हणजे तो मालक राहणार नाही आणि कर्जदार मात्र राहील. कोणताही जाणता वकील त्याला "सही करू नका" म्हणेल, आणि ते बरोबरच आहे.

तुमच्यासाठी योग्य मार्ग: दोन वर्षं फ्लॅट दोघांचा ठेवायचा, तुम्ही आणि मुलगी तिथे राहायचं, त्याने राहण्याचं भाडं मागायचं नाही, कोणीही एकट्याने विकायचा, गहाण ठेवायचा किंवा भाड्याने द्यायचा नाही. आणि विकायची वेळ आली तर वाटप कसं, ते उदाहरणासह लिहायचं. समजा ९० लाखांना विकला आणि ३० लाख कर्ज फेडलं, तर उरले ६० लाख. घेताना त्याच्या बचतीतून ८ लाख आणि तुमच्या वडिलांकडून ६ लाख गेले असतील तर आधी ते परत. उरले ४६ लाख. वेगळं झाल्यानंतरच्या २४ महिन्यांचे हप्ते ज्याचे त्याला: त्याचे ५,७६,०००, तुमचे ४,०८,०००. राहिलेले ३६,१६,००० निम्मे. त्याला एकूण ३१,८४,०००, तुम्हाला २८,१६,०००. नियम दुसरा ठरवा हवं तर, पण आकडे घालून ठरवा. "योग्य प्रमाणात" या दोन शब्दांवर मी लोकांची बारा बारा वर्षं गेलेली पाहिली आहेत.

संयुक्त खातं "आयदर ऑर सर्व्हायव्हर" असेल तर कोणीही एकटा ते रिकामं करू शकतो. दोघांच्या सहीचं पत्र देऊन ते दोघांच्या सहीने चालणारं करा. लॉकर एकदा दोघांनी मिळून उघडा, दागिन्यांची वजनासह यादी आणि फोटो करा. तुमचं स्त्रीधन तुमचंच आहे, त्याला वाटणी लागत नाही.

आता मुलीचं. "सोयीनुसार भेटतील" हा शब्द मीही सुरुवातीच्या काळात मसुद्यांत लिहायचे. समजूतदार जोडपं होतं, मला वाटलं यांना तारखांत कशाला बांधायचं. पहिल्या दिवाळीत दोन्हीकडच्या आजी-आजोबांनी नातवासाठी एकाच दिवसाचा बेत केला आणि सहा वर्षांचा मुलगा दारात नवे कपडे घालून बापाची वाट बघत बसला. आईला वाटत होतं तो पाडव्याला येणार, बाप निघाला होता भाऊबीजेला. कोणी खोटं बोलत नव्हतं. त्या दिवशीचा फोन मला अजून आठवतो. तेव्हापासून मी बारा महिन्यांचं छापील कॅलेंडर कराराला जोडते आणि दिवसांना दोन रंग देते.

तुमच्यासाठी असं: एक आड एक शनिवार-रविवार त्याच्याकडे. "पहिला आणि तिसरा शनिवार" असं लिहू नका, पाच शनिवारांच्या महिन्यात घोळ होतो. सुरुवातीची तारीख लिहा आणि पुढे चौदा-चौदा दिवस मोजा. शुक्रवारी शाळा सुटल्यावर त्याने थेट शाळेतून घ्यायचं आणि सोमवारी सकाळी शाळेतच सोडायचं. त्याने तुमची दारातली भेट टळते आणि मुलीला दोघांचे ताणलेले चेहरे बघावे लागत नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी वारज्याहून वाकडला जाताना चांदणी चौकात काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून घरी पोचायची वेळ मिनिटावर बांधू नका. मधल्या आठवड्यात बुधवारी दोन तास, आणि ती ज्याच्याकडे नसेल त्याला रोज रात्री आठला व्हिडिओ कॉल, त्या वेळी दुसऱ्याने खोलीत थांबायचं नाही.

सण नावाने लिहा. गणपती त्याच्या गावच्या घरी बसत असेल तर प्रतिष्ठापनेचा दिवस दर वर्षी तिकडे आणि गौरी तुमच्याकडे. दिवाळीचे दोन भाग करा: धनत्रयोदशी ते लक्ष्मीपूजन एकाकडे, पाडवा-भाऊबीज दुसऱ्याकडे, पुढच्या वर्षी उलट. तिचे भाऊ त्याच्याकडचे चुलत असतील तर मात्र भाऊबीज कायम तिकडेच ठेवा, ओवाळायला भाऊ हवेत. उन्हाळ्याच्या सुट्टीचे दोन सारखे तुकडे, तारखा ३१ मार्चपर्यंत ठरवायच्या. ठरलेली भेट त्याने चुकवली तर ती बुडाली, तुमच्यामुळे चुकली तर पुढच्या शनिवारी भरून द्यायची. शाळा बदलणं, पुण्याबाहेर राहायला नेणं, पासपोर्ट, या तिन्हींना दोघांची लेखी संमती. शाळेच्या आणि डॉक्टरांच्या फॉर्मवर दोघांचे नंबर.

पैसे थांबले म्हणून भेट थांबवायची नाही आणि भेट झाली नाही म्हणून पैसे रोखायचे नाहीत, हे वेगळं कलम म्हणून लिहा. मूल काही हप्त्याच्या बदल्यात मिळणारी पावती नव्हे.

मुलीबद्दलची कलमं न्यायालयाला बांधत नाहीत, तिथे तिचं हित आधी बघितलं जातं आणि ती मोठी होईल तशी व्यवस्था बदलता येते. तशीच बदलावीही. नऊ वर्षांची झाली की बुधवारचे दोन तास तिला क्लासच्या आड येतील. म्हणून वर्षातून एकदा, मे महिन्यात, दोघांनी हे कॅलेंडर नव्याने करायचं.

कागद कोणता वापरायचा? साधा करार ५०० रुपयांच्या मुद्रांकावर, नोटरी करून, दोन साक्षीदारांसह. पण तो मोडला तर तुम्हाला त्याच्यावर दावा लावावा लागतो, पोलीस चौकी त्यावरून मुलगी आणून देत नाही. अंमलबजावणीची ताकद हवी असेल तर दोन वाटा आहेत. शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात अर्ज करून याच अटी सहमतीच्या अटी म्हणून नोंदवून आदेश घ्या. किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व अर्ज करून लोकअदालतीत तडजोड करा, तिथल्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचं बळ असतं. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. मी तुमच्या जागी असते तर सहा महिने साध्या करारावर हे वेळापत्रक चालवून बघितलं असतं, न जमणाऱ्या ओळी दुरुस्त केल्या असत्या आणि मग त्यावर आदेश घेतला असता.

त्याला त्याचा वेगळा वकील घ्यायला सांगा. एकाच वकिलाने दोघांचा मसुदा केला की पुढे "मला नीट समजावलंच नाही" हे म्हणायला जागा राहते. पुन्हा एकत्र राहायला लागलात तर किती दिवसांनी हा करार आपोआप संपेल, तेही लिहा. नव्वद दिवस ठीक असतात, त्याआधी घाई नको आणि त्याहून जास्त टांगणीला ठेवू नये. या आठवड्यात बँकेचं पत्र आणि लॉकरची यादी एवढं उरकून घ्या. मसुदा करायला महिना लागला तरी चालेल. सही करताना प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या घ्या, खर्चाच्या तक्त्यावर आणि कॅलेंडरच्या बाराही पानांवर सुद्धा.